छत्तीस घोड्यांचा पुरावा

पुण्याच्या रेसकोर्सवरचे दोन हंगाम, एकूण 120 पैजा, त्यांतल्या 36 लागलेल्या, भाव सरासरी रुपयाला तीन, आणि लावलेल्या रकमेवर 20 टक्के नफा. कात्रजमध्ये राहणाऱ्या एका परिचित गृहस्थांनी हा हिशेब एक्सेलच्या तक्त्यात मांडला आहे. या पैजा त्यांनी प्रत्यक्षात लावलेल्या नाहीत. जुने निकाल समोर ठेवून, ‘माझा नियम तेव्हा पाळला असता तर काय झाले असते’ हे त्यांनी तपासले. या प्रकाराला बॅकटेस्ट म्हणतात. आता आसपासचे काही तरुण त्यांच्या नियमावर पैसे लावायला निघाले आहेत, म्हणून या तक्त्याला सविस्तर उत्तर देणे मला भाग वाटते.

त्यांचे म्हणणे मी त्यांच्याच क्रमाने मांडतो. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात मान्य केले आहे. कौशल्य असेल तर ते आकड्यांत दिसलेच पाहिजे. आकडे दोन हंगामांचे आहेत, हाताने बदललेले नाहीत. आणि 120 हा नमुना पुरेसा मोठा आहे, कारण संख्याशास्त्रात 30 च्या वरचा नमुना मोठा मानतात.

पहिले वाक्य खरे आहे आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. शर्यतीत कौशल्याला वाव आहे म्हणजे अमुक एका माणसाच्या अमुक एका नियमात ते आहे, असे होत नाही. उरलेल्या तीन विधानांत मात्र खरी चूक दडली आहे. ही चूक अप्रामाणिकपणाची नाही. आकडे त्यांनी खरोखरच बदललेले नाहीत. बिघडला आहे तो आकड्यांचा काळ.

त्यांच्या नियमात तीन अटी आहेत. जॉकीची त्या हंगामातली विजयाची टक्केवारी 15 किंवा त्याहून जास्त हवी. घोडा त्या शर्यतीतल्या रेटिंगमध्ये पहिल्या तिघांत हवा. आणि भाव रुपयाला दोन ते चारच्या दरम्यान हवा. ऐकायला तिन्ही अटी शहाणपणाच्या वाटतात. पण प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारायचा: शर्यत सुटण्यापूर्वी, पैसे हातातून जात असताना, हा आकडा मला माहीत असता का?

जॉकीची टक्केवारी घेऊ. गृहस्थांनी ती हंगाम संपल्यावर काढली आणि मग हंगामाच्या पहिल्या दिवसापासून लावली. जुलैमधल्या शर्यतीत कोणता जॉकी ‘चांगला’ हे ठरवताना त्यांनी ऑक्टोबरपर्यंतचे विजय मोजले, आणि त्या विजयांत जुलैची ती शर्यतही मोजली. त्यामुळे निकालाची आधीच निवडीत गळती झाली.

याने किती फरक पडतो, ते आकड्यांत पाहू. समजा सगळे जॉकी अगदी सारखे आहेत. प्रत्येकाला हंगामात 20 घोडे मिळतात आणि प्रत्येक वेळी जिंकण्याची शक्यता बरोबर 10 टक्के आहे. भावही चोख आहे, रुपयाला नऊ. म्हणजे दीर्घकाळात कोणालाही नफा नाही, तोटा नाही. अशा जगात कौशल्य शून्य आहे. तरीही काही जॉकींचे हंगामात तीन किंवा जास्त विजय होतील, केवळ योगायोगाने. द्विपद वितरणाने हिशेब केला तर साधारण एक तृतीयांश जॉकी या गटात येतात आणि या गटाची सरासरी 20 पैकी सुमारे 3.6 विजय निघते, म्हणजे 18 टक्क्यांच्या जवळ. आता हंगामअखेरची टक्केवारी वापरून मागे जाऊन फक्त यांच्याच घोड्यांवर पैसे लावा. रुपयाला नऊ या भावाने लावलेल्या प्रत्येक 100 रुपयांचे सरासरी 179 रुपये होऊन परत येतात. ज्या जगात कोणालाच काही येत नाही, त्या जगात तक्ता 79 टक्के नफा दाखवतो.

गृहस्थांच्या तक्त्यातले 20 टक्के यापुढे किरकोळ आहेत. त्यांच्या भावाच्या अटीमुळे गळती थोडी कमी झाली असेल, पण ती किती उरली हे तक्त्याकडे पाहून कळणार नाही. त्यासाठी सूत्रच बदलावे लागेल. प्रत्येक हंगामाचा तक्ता वेगळा ठेवला आणि पहिल्या रकान्यात तारीख, तिसऱ्यात जॉकी, चौथ्यात विजयासाठी 1 असेल, तर दुसऱ्या ओळीतल्या शर्यतीसाठी टक्केवारी अशी काढायची:

```
=COUNTIFS(C:C,C2,A:A,"<"&A2,D:D,1)/COUNTIFS(C:C,C2,A:A,"<"&A2)
```

सारे महत्त्व मधल्या `<` या चिन्हाला आहे. त्या तारखेच्या आधीच्याच शर्यती मोजल्या जातील, त्या दिवसाची एकही नाही. हंगामाच्या सुरुवातीला हे सूत्र भागाकाराची चूक दाखवील, आणि ते योग्यच आहे, कारण तेव्हा खरोखर काही माहीत नसते. त्या ओळी रिकाम्या सोडायच्या. गृहस्थांना नेमके हेच खटकले. त्यांच्या मते यामुळे पहिल्या काही आठवड्यांतल्या पैजा वाया जातात. वाया काही जात नाही. त्या पैजा कोणाला लावता आल्याच नसत्या.

रेटिंगमध्ये हाच दोष वेगळ्या रूपात येतो. घोडा जिंकला की हँडिकॅपर त्याचे रेटिंग वाढवतो. हरत राहिला की उतरवतो. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या शर्यतीसाठी घोड्याच्या नावापुढे आज दिसणारे रेटिंग घेतले, तर त्यात त्या शर्यतीचा निकालही मुरलेला असतो आणि नंतरचेही. त्या दिवशीच्या छापील रेसकार्डावर जो आकडा होता तोच चालतो. जुनी रेसकार्डे गोळा करणे कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक बॅकटेस्ट याच कंटाळ्यापायी बिघडतात.

भावाची अट सर्वांत फसवी. तक्त्यात आहे तो शर्यत सुटतानाचा शेवटचा भाव. बुकींच्या रिंगमध्ये भाव शेवटच्या काही मिनिटांत झपाट्याने हलतो. रुपयाला पाच असलेला घोडा सुटताना साडेतीनवर आलेला असतो, आणि रुपयाला दोनचा घोडा साडेचारवर गेलेला असतो. ‘सुटताना दोन ते चारच्या दरम्यान असलेला घोडा’ ही निवड घोडे सुटल्यावरच करता येते. टोटवर तर अडचण आणखी मोठी, कारण तिथे डिव्हिडंड सगळी रक्कम जमा झाल्यावर ठरतो आणि तुमची स्वतःची पैजही तो खाली ओढते. ज्याला बॅकटेस्ट करायचा आहे त्याने ठरावीक वेळेचा, समजा शर्यतीच्या दहा मिनिटे आधीचा, भाव नोंदवलेला हवा. तसा भाव मागच्या हंगामांचा मिळत नसेल, तर या अटीची मागे जाऊन चाचणी घेता येत नाही. ती पुढेच घ्यावी लागते.

गळती उरली आहे की नाही, हे ओळखण्याची एक चाचणी आहे. तिच्यासाठी शर्यतीतले फारसे कळावे लागत नाही. तक्त्यातले खरे विजेते पुसून टाकायचे. प्रत्येक शर्यतीत भावातून निघणाऱ्या शक्यतेच्या प्रमाणात चिठ्ठी काढून नवा विजेता ठरवायचा, आणि मग जॉकीच्या टक्केवारीपासून नफ्यापर्यंत सारे पुन्हा तसेच चालवायचे. हे शे-दोनशे वेळा करायचे. विजेते आता निव्वळ चिठ्ठीने आलेले असल्यामुळे कोणत्याही नियमाला सरासरी नफा होता कामा नये. झाला, तर नफा नियमातून नव्हे, तक्त्याच्या मांडणीतून येतो आहे. वर सारख्या जॉकींचा जो हिशेब केला, तो याच चाचणीचा छोटा अवतार होता.

आता वाद त्यांच्या बाजूने पुढे नेऊ. समजा तिन्ही अटी दुरुस्त केल्या आणि तरीही 120 पैकी 36 पैजा लागल्या, भाव रुपयाला तीन. आता तरी नियम खरा का?

या भावाला ना नफा ना तोटा होण्यासाठी चारातली एक पैज लागावी लागते, म्हणजे 120 पैकी 30. लागल्या 36. पूर्ण 20 टक्के नफा या सहा घोड्यांवर उभा आहे. आता जिंकण्याची शक्यता खरोखर 25 टक्केच असेल, तर 120 पैजांतली विजयांची संख्या 30 च्या आसपास किती झुलते? प्रमाण विचलन म्हणजे 120, 0.25 आणि 0.75 यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, ते येते 4.7. सहाचा फरक म्हणजे सव्वा प्रमाण विचलन. ज्याच्या नियमात काहीही नाही अशा माणसाला 36 किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता सुमारे 12 टक्के, म्हणजे आठांत एक. रेसकोर्सवर शनिवार-रविवारी जमणाऱ्या गर्दीत असे किती तरी जण असणार. त्यांतला जो आपला तक्ता लोकांना दाखवतो, तो बहुधा लागलेल्यांपैकीच असतो. बाकीचे गप्प बसतात.

यावर एक जाणता आक्षेप येऊ शकतो आणि तो मी टाळत नाही. बुकीच्या भावात त्याचा स्वतःचा वाटा असतो, म्हणून रुपयाला तीन भाव असलेल्या घोड्याची खरी शक्यता 25 नव्हे, 22 टक्क्यांच्या आसपास असते. त्या मोजमापाने 36 विजय जास्त असाधारण ठरतात: अपेक्षा 26 ची, आणि इतके विजय निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता दोन-अडीच टक्केच. हिशेब बरोबर आहे. पण त्याने सिद्ध झालेच तर एवढे होते की नियम डोळे मिटून पैसे लावणाऱ्यापेक्षा बरा आहे. खिशातून पैसे घालणाऱ्याचा प्रश्न तो नाही. त्याला हवा आहे नफा, आणि नफ्याची रेषा 25 टक्क्यांवरच आहे.

आणि 12 टक्के हा आकडाही उदार आहे, कारण तो एकच नियम तपासला असे धरतो. गृहस्थांनीच सांगितले की त्यांनी आधी गेटचा क्रमांक, वजन, अंतर, ट्रेनर, शेवटच्या धावेनंतरचे दिवस असे बरेच काही करून पाहिले आणि शेवटी या तीन अटींचे त्रिकूट जमले. दहा निरुपयोगी नियम तपासले आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र असले, तर त्यांतला किमान एक तरी 36 विजयांपर्यंत पोहोचण्याची शक्यता 72 टक्के होते. वीस तपासले तर 92 टक्के. प्रत्यक्षात नियम एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे आकडा काहीसा खाली येईल, पण दिशा बदलत नाही. तक्त्यासोबत टाकून दिलेल्या नियमांची संख्या लिहिलेली नसेल, तर त्या तक्त्याचा अर्थ लावता येत नाही. आधी हे मला त्यांना विचारायला हवे होते, असे आता वाटते. नफ्याचा आकडा नंतर पाहिला तरी चालला असता.

तीसच्या वरचा नमुना मोठा, हे महाविद्यालयात पाठ होणारे वाक्य इथे थेट नुकसान करते. ते वाक्य सरासरीच्या वितरणाचा आकार घंटेसारखा होऊ लागतो का, याबद्दल आहे. ती घंटा किती रुंद आहे, याबद्दल ते काहीच सांगत नाही. रुपयाला तीन या भावाने एका पैजेत एकतर तीन रुपये मिळतात किंवा एक जातो. याचे प्रमाण विचलन 1.73 रुपये, म्हणजे लावलेल्या रकमेच्या पावणेदोन पट. 120 पैजांच्या सरासरीत ते 16 टक्क्यांवर येते. म्हणजे 20 टक्के नफ्यापुढे ‘उणे-अधिक 32 टक्के’ असे लिहायला हवे. त्या पट्ट्यात 12 टक्के तोटाही बसतो.

मग किती पैजा पुरतील? खरा वरचढपणा 5 टक्के असेल आणि तो योगायोगाच्या दोन प्रमाण विचलनांइतका वर दिसायला हवा असेल, तर रुपयाला तीन भावाने सुमारे 5,000 पैजा लागतात. बरोबरीच्या भावाने 1,600 पुरतात. रुपयाला नऊच्या घोड्यांवर खेळणाऱ्याला 15,000 लागतात, म्हणून दूरच्या भावाचे घोडे पकडणारी पद्धत सिद्ध करणे सर्वांत अवघड. शिवाय इतक्या पैजांनंतरही खरा नियम ही कसोटी ओलांडण्याची शक्यता निम्मीच असते. गृहस्थांचा नियम हंगामाला साठ पैजा निवडतो. पाच हजारांसाठी त्र्याऐंशी हंगाम लागतील. पुण्याचा हंगाम पावसाळ्याचा, शर्यती शेकड्यांत. मुंबई, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई इथल्या शर्यती जोडून संख्या वाढवता येते, पण मग पुण्यावर बेतलेला नियम तिथेही चालतो, हे आधी दाखवावे लागेल.

इथे ते बिल बेंटरचे नाव घेतात. हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाच्या मदतीने त्याने प्रचंड पैसा मिळवला, हे खरे आहे. पण बेंटरने 1994 साली आपल्या पद्धतीवर लिहिलेला लेख वाचला तर त्यात गृहस्थांच्या तक्त्याविरुद्धचाच युक्तिवाद सापडतो. त्याने शर्यतींचे भाग पाडले. एका भागावर मॉडेल बांधले आणि न पाहिलेल्या भागावर तपासले. आपला अंदाज तो जनतेच्या भावासोबत जोडून वापरी, कारण भावात आधीच पुष्कळ शहाणपण असते. आणि तिथे टोटवर जमणारा निधी इतका मोठा होता की त्याच्या पैजांनी भाव लगेच कोसळत नव्हता.

तक्त्यात कराचा रकाना नाही, ही गोष्ट मी बारीकसारीक मानत नाही. शर्यतीतल्या जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आहे आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. प्रत्येक पैज शंभराची धरा. छत्तीस विजयांचे 10,800 रुपये, त्यावर कर 3,240. सगळा मिळून नफा होता 2,400. म्हणजे स्वप्नातला तक्ता शब्दशः खरा ठरला, तरी हातात 840 रुपयांचा तोटा राहतो. वर पैजेवरचा जीएसटी, जो सप्टेंबर 2025 पासून 28 चा 40 टक्के झाला, तो अजून मोजलेलाच नाही. जुन्या करदराखालच्या भावांवर घेतलेली चाचणी नव्या दरांत लागू पडते का, हा प्रश्नही उभाच आहे.

मग त्यांनी काय करावे? पुढच्या हंगामापूर्वी नियम कागदावर लिहून, तारीख घालून, दुसऱ्या कोणाकडे द्यावा. हंगामभर एकही पैसा न लावता, दर शर्यतीच्या दहा मिनिटे आधी निवडलेला घोडा आणि तेव्हाचा भाव नोंदवावा. मध्ये नियम बदलला, तर मोजणी शून्यापासून. साठ नोंदींनंतर विजय मोजून काही ठरणार नाही, कारण साठ पैजांच्या नफ्यातली चूक 22 टक्क्यांची असते. पण दुसरी एक गोष्ट मोजता येते: नोंदवलेला भाव आणि घोडा सुटतानाचा शेवटचा भाव यांतला फरक. नियमाला बाजारापेक्षा आधी काही कळत असेल, तर त्याने चारला निवडलेले घोडे सुटताना सरासरी तीनकडे आलेले दिसतील. हा फरक घोड्यागणिक 15-20 टक्क्यांनी वर-खाली झाला, तरी साठ नोंदींच्या सरासरीतली चूक दोन-अडीच टक्केच राहते. विजय मोजून जे कळायला अनेक दशके लागतील, त्याची पहिली चाहूल याने एका हंगामात लागते. त्यालाही मर्यादा आहेत. ज्या शर्यतीत उलाढाल थोडी, तिथे शेवटचा भावही कच्चा असतो, आणि बाजाराला हरवण्याची ही आघाडी बुकीचा वाटा व कर यांच्यापेक्षा मोठी नसेल तर तिचे पैसे होत नाहीत.

हे सारे त्यांना समोर बसून सांगितले. ते म्हणाले, एवढे थांबायला तरुण तयार नाहीत. तर मग त्या तरुणांनी पैसे देण्यापूर्वी तीनच गोष्टी मागाव्यात: टाकून दिलेल्या नियमांची यादी, त्या-त्या दिवशीची छापील रेसकार्डे, आणि शर्यत सुटण्यापूर्वी नोंदवलेला भाव. यांतली एकही आज तक्त्यासोबत नाही.